उभी, चौकोनी की दुमजली? पॉडकास्टमधल्या ४८ सेकंदांची क्लिप

समजा, तासाभराचा एपिसोड आहे. टेबलाच्या दोन टोकांना दोघं बसलेत, समोर एकच कॅमेरा, चित्र १९२० बाय १०८०. तेविसाव्या मिनिटाला मुलाखतकार विचारतो, "मग त्या शब्दाचं काय केलंत?" पाहुणी अनुवादक आहे. ती दोन सेकंद गप्प राहते आणि म्हणते, "काही नाही. तो शब्द मी गाळला." मुलाखतकाराला हसू आवरत नाही. मग ती तो का गाळला ते सांगते. प्रश्नापासून कारणापर्यंत ४८ सेकंद. क्लिप हीच काढायची, हे एपिसोड ऐकतानाच कळतं. अडतं ते पुढे: आडवं चित्र उभ्या फोनवर कसं बसवायचं आणि त्यावर अक्षरं कशी द्यायची.

बहुतेक जण आधी ॲप निवडतात आणि ते जी चौकट देईल ती घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. चौकट आधी ठरवावी, कारण कॅप्शन कुठे बसणार हे तिच्यावर अवलंबून असतं.

पहिला पर्याय म्हणजे एकाच चेहऱ्याचं उभं चित्र, १०८० बाय १९२०. दिसायला हेच सर्वांत भारदस्त. पण १०८० उंचीच्या मूळ चित्रातून ९:१६ची उभी पट्टी कापली, तर तिची रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल भरते. ती ताणून १०८० करायची म्हणजे पावणेदोन पटींहून जास्त मोठी करायची. चेहरा मऊ पडतो, केसांच्या कडा विरघळतात आणि अंधाऱ्या खोलीत शूट झालं असेल तर पार्श्वभूमीत दाणे वळवळू लागतात. लॅपटॉपच्या छोट्या प्रिव्ह्यूत हे कळत नाही, फोनवर पूर्ण पडदा करून पाहिलं की लगेच कळतं. मूळ शूट ४केमध्ये, म्हणजे ३८४० बाय २१६०ला झालं असेल तर ही अडचण राहत नाही. मग पट्टी साधारण १२१५ पिक्सेलची मिळते आणि ती उलट थोडी लहान करावी लागते.

धूसरपणापेक्षा मोठा तोटा मात्र वेगळाच आहे. आपल्या क्लिपमधली गंमत दोघांत वाटलेली आहे: तिची शांतता आणि त्याचं हसू. एकच चेहरा दाखवला तर हसू नुसतं ऐकू येतं. बोलणाऱ्याकडे आपोआप चौकट वळवणारी सोय वापरली तर ती नेमकी त्या दोन सेकंदांच्या शांततेत गोंधळते, कारण तेव्हा कुणीच बोलत नसतं. आणि चौकट नुसती मधोमध ठेवली तर प्रेक्षकाला ४८ सेकंद टेबल आणि दोन माइक बघायला मिळतात.

दुसरा पर्याय दुमजली: वर एक चेहरा, खाली दुसरा. प्रत्येक मजला १०८० बाय ९६०. इथलं गणित मला फार आवडतं. मजल्याचं प्रमाण ९:८ असल्यामुळे मूळ चित्राच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्यातून प्रत्येकी ९५४ बाय ८४८चा तुकडा काढता येतो. तो १०८०पर्यंत न्यायला जेमतेम १३ टक्के ताण द्यावा लागतो, आणि तो डोळ्यांना जाणवतही नाही. म्हणजे त्याच कॅमेऱ्याच्या, त्याच फाइलमधून दोन चेहरे एका चेहऱ्यापेक्षा जास्त स्वच्छ मिळतात. दोघांचं रेकॉर्डिंग दूरस्थ असेल आणि प्रत्येकाची १९२० बाय १०८०ची वेगळी फाइल असेल, तर चित्र ताणावंच लागत नाही.

अट एकच. दोघांमध्ये पुरेसं अंतर हवं. एखाद्याचा हात किंवा माइकचा दांडा मधल्या रेषेपलीकडे जात असेल तर वरच्या मजल्यात खालच्याचं कोपर उगवतं.

तिसरा पर्याय चौकोनी किंवा ४:५. चौकोनाला १०८० बाय १०८० जसंच्या तसं मिळतं, अजिबात ताणावं लागत नाही. ४:५ साठी, म्हणजे १०८० बाय १३५०साठी, सव्वापट करावं लागतं. लिंक्डइनसारख्या ठिकाणी, जिथे लोक फीड सरकवत वाचतात, तिथे हा आकार उत्तम. यूट्यूबवर १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट्समध्ये धरला जातो, त्यामुळे चौकोन तिथेही चालतो. पण पूर्ण पडद्याच्या फीडमध्ये त्याच्या वर-खाली रिकामी जागा राहते. शिवाय एका कॅमेऱ्याच्या चित्रात दोघं टोकांना बसले असतील तर चौकोनातही ते दोघं मावत नाहीत.

चौथा, आळशी पर्याय: आडवं चित्र मध्ये आणि वर-खाली त्याचीच धूसर प्रत. १०८० रुंदीत आडवं चित्र ६०८ उंचीचं होतं, म्हणजे पडद्याच्या तिसऱ्या भागाहूनही कमी. बाकीचा दोन तृतीयांश पडदा धुक्याला दिलेला. बोलताना पडद्यावर आलेख किंवा स्लाइड दाखवली असेल, तर तिच्या कडा कापायला नकोत म्हणून मी हे करेन. नाहीतर नाही.

तर आपल्या क्लिपसाठी दुमजली. पाहुणी एकटीच ४८ सेकंद सलग बोलत असती आणि शूट ४के असतं, तर मी एकाच चेहऱ्याची उभी चौकट घेतली असती.

आता कॅप्शन. इथे निवड दोनच गोष्टींत आहे: अक्षरं चित्रातच कोरून टाकायची की कोणत्या क्षणी कोणती ओळ दाखवायची ते सांगणारी SRT फाइल वेगळी जोडायची. वेगळ्या फाइलचे फायदे खरे आहेत. चूक सापडली तर नुसती फाइल बदलता येते, पाहणाऱ्याला कॅप्शन बंद करता येतात, आणि यूट्यूब व लिंक्डइन ही फाइल घेतातही. पण अक्षर कुठे, किती मोठं आणि कोणत्या फॉन्टमध्ये दिसेल हे तुमच्या हातात राहत नाही. दुमजली चौकटीत ते खालच्या माणसाच्या तोंडावरही येऊ शकतं. शिवाय तीच क्लिप कुणी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली की फाइल मागेच राहते. त्यामुळे छोट्या क्लिपसाठी मी अक्षरं कोरतो आणि पूर्ण एपिसोडला वेगळी SRT फाइल जोडतो.

कोरायची कुठे? उभ्या फीडमध्ये खालच्या पाचव्या भागावर खात्याचं नाव आणि वर्णन येतं, आणि उजव्या कडेला बटणांची रांग असते. एकाच चेहऱ्याच्या चौकटीत म्हणून कॅप्शन वर, छातीच्या उंचीवर आणावी लागते, आणि ती हनुवटीला खेटते. दुमजलीत दोन मजल्यांमधली रेघ आयतीच मोकळी असते. कॅप्शन तिच्यावर बसवली की कुणाचाच चेहरा झाकला जात नाही.

मराठी अक्षरांची एक वेगळी कटकट आहे. काही संपादन ॲप्समध्ये देवनागरीची जोडणी नीट होत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षर सुटून पाय मोडलेली अक्षरं दिसतात. ॲप घेण्याआधी त्यात "दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टिकोनातून" एवढं टाइप करून पाहा. हे नीट उमटलं तर बाकीचंही बहुधा उमटेल. ॲडोबी प्रीमिअरमध्ये असं झालं तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये South Asian and Middle Eastern हा पर्याय निवडावा लागतो. एकेक अक्षर उडत येणारे इफेक्ट मराठीत टाळलेलेच बरे, ते मात्रा आणि अक्षर वेगळे करून टाकतात. शब्दागणिक रंग बदलणारा इफेक्ट मात्र चालतो. दोन ओळी असतील तर ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

आपोआप तयार झालेली कॅप्शन वेळ वाचवते, पण ती कानाशी लावून तपासावीच लागते. नावं आणि मध्येच आलेले इंग्रजी शब्द चुकतात हे सगळ्यांना माहीत असतं. मी सर्वांत आधी शोधतो ते गळालेलं "नाही". "काही नाही"चं "काही" झालं तर आपल्या क्लिपचा जीवच गेला. आणि त्या दोन सेकंदांच्या शांततेत कॅप्शन रिकामी ठेवा. उत्तर आधीच पडद्यावर आलं तर पाहुणी बोलायच्या आत प्रेक्षकाने ते वाचलेलं असतं.

साधनांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. महिन्याला एखादी क्लिप असेल तर फोनवरचं कोणतंही देवनागरी नीट दाखवणारं ॲप पुरे. रंग आणि आवाजही सुधारायचा असेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. दर आठवड्याला त्याच खुर्च्या, तोच कॅमेरा आणि चार-पाच क्लिपा असतील, तर ffmpeg हे आज्ञा टाइप करून चालवायचं साधन सर्वांत कमी कंटाळवाणं, कारण कापायच्या जागा एकदाच ठरवायच्या असतात:

```
ffmpeg -ss 00:23:14 -t 48 -i full.mp4 -filter_complex \
"[0:v]split[a][b];\
[a]crop=954:848:0:116,scale=1080:960[t];\
[b]crop=954:848:966:116,scale=1080:960[u];\
[t][u]vstack,setsar=1" \
-c:v libx264 -crf 18 -c:a aac clip.mp4
```

यातला 116 हा आकडा चित्राच्या वरून किती सोडायचं ते सांगतो. डोकं कापलं जात असेल तर तो कमी करा. वेळ वाचवायला -c copy वापरून नुसता तुकडा कापायचा मोह होतो, पण तसं कापताना चित्र फक्त की-फ्रेमवर, म्हणजे फाइलमध्ये अधूनमधून पूर्ण साठवलेल्या चित्रावरच, सुरू होऊ शकतं. मग क्लिप आधीच्या अर्धवट वाक्यापासून सुरू होते किंवा सुरुवातीला चित्र गोठलेलं दिसतं. इथे फिल्टर असल्यामुळे चित्र नव्याने एन्कोड होतंच, म्हणून तो प्रश्न येत नाही.

मग कॅप्शन कोरायची:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf \
"subtitles=clip.srt:force_style='FontName=Mukta,FontSize=12,MarginV=132'" \
-crf 18 -c:a copy final.mp4
```

Mukta हा फॉन्ट संगणकावर बसवलेला हवा. इथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली, 12 म्हणजे १२ पिक्सेल नव्हेत. SRT कोरताना ffmpeg पडद्याची उंची २८८ धरतं, त्यामुळे १९२०च्या चित्रात 12चे ८० पिक्सेल होतात. कुणी पिक्सेल समजून 80 लिहिलं तर पडद्याच्या रुंदीत मोजकीच अक्षरं मावतात. 132 हे खालून सोडलेलं अंतरही त्याच मापात आहे. २८८चा मध्य १४४, त्यामुळे दोन ओळींची कॅप्शन बरोबर रेघेवर बसते.

दुसरी, clip.srt ही कापलेल्या क्लिपवरून बनवलेली हवी, पूर्ण एपिसोडची नको. कापलेल्या क्लिपचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं. एपिसोडची फाइल दिली तर पाहुणी शब्द गाळल्याचं सांगत असते आणि खाली अक्षरं उमटतात, "नमस्कार, आजच्या भागात आपलं स्वागत."