इंग्रजीतून व्हिएतनामी शिकवणारे ॲप: वर्षभराच्या वापरानंतर, मुख्यतः शब्दक्रमाविषयी

वार्षिक वर्गणी न विचारता आपोआप नूतनीकृत झाली, पैसे परत मिळण्याची मुदत तक्रार नोंदवेपर्यंत संपलेली होती, आणि म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. ॲपचे नाव देत नाही. रोजचे धडे, शब्दांच्या ठोकळ्यांतून वाक्य जुळवणे, ध्वनिमुद्रित उच्चार आणि उजळणी ही रचना अशी ॲप वापरणाऱ्यांना ठाऊक असेलच. व्हिएतनामी शब्द मी खाली त्यांच्या लेखनाला धरून देवनागरीत देत आहे. त्यात स्वराघात दिसत नाहीत, पण येथे मुद्दा केवळ शब्दांच्या जागांचा आहे.

पहिले काही आठवडे मी या ॲपवर अतिशय खूश होतो. इंग्रजीतून शिकण्याचा एक खरा फायदा येथे मिळतो: व्हिएतनामी वाक्यही कर्ता, क्रियापद, कर्म याच क्रमाने चालते, त्यामुळे मराठीतल्यासारखे क्रियापद शेवटी नेण्याची सवय बाजूला ठेवता येते. शिवाय लिंग, वचन किंवा पुरुष यांनुसार कोणताही शब्द बदलत नाही. ‘काळा, काळी, काळे’ असा भेद करणाऱ्या आपल्याला ‘डॅन’ हे एकच रूप सर्वत्र चालते हे कळल्यावर मोठा दिलासा मिळतो. ‘मॅओ’ म्हणजे मांजर, ‘मॅओ डॅन’ म्हणजे काळे मांजर. विशेषण नामाच्या मागून येते.

अडचण येथूनच सुरू होते, कारण हे शिकवताना ॲपने एक सोपा नियम हाती दिला आहे: इंग्रजी शब्दसमूह उलटा करा. ‘हे काळे मांजर’ याच्या इंग्रजी रूपाला हा नियम लावला, तर ‘मांजर काळे हे’ असे येते आणि व्हिएतनामीतही नेमके तेच, ‘कॉन मॅओ डॅन नाय’, असे म्हणतात. (‘कॉन’ हा प्राण्यांसाठीचा वर्गदर्शक शब्द नामाच्या आधी येतो.) हा नियम खरोखर चालतो असे वाटावे, इतके हे उदाहरण सोयीचे निवडलेले आहे. पण पुढच्याच पातळीवर संख्या आली की तो कोसळतो.

‘मी ही दोन नवी पुस्तके घेतली’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत कर्म ‘ही, दोन, नवी, पुस्तके’ या क्रमाने येते. ते सरळ उलटवले तर ‘पुस्तके नवी दोन ही’ असे होईल, आणि हे व्हिएतनामीत चूक आहे. बरोबर वाक्य असे: ‘तोय मुआ हाय क्वियेन साच मोइ नाय’. शब्दशः पाहिले तर ‘मी, घेणे, दोन, पुस्तकाचा वर्गदर्शक, पुस्तक, नवे, हे’. म्हणजे संख्या नामाच्या पुढे होती तशीच राहिली, तिच्या आणि नामाच्या मध्ये वर्गदर्शक बसला, गुण सांगणारा शब्द नामाच्या मागे गेला आणि निर्देश करणारे ‘नाय’ सर्वांत शेवटी पोहोचले. ‘पुष्कळ’ या अर्थाचा ‘न्यिउ’ हा शब्दही संख्येप्रमाणेच नामाच्या आधी येतो. तेव्हा खरा नियम उलटवण्याचा नाही. किती ते नामाआधी सांगायचे, कसे ते नामानंतर, आणि कोणते ते शेवटी. एवढे एक वाक्य धड्याच्या डोक्यावर छापले असते तर कित्येक तासांची उजळणी वाचली असती. विशेषणाला जोडून येणारे शब्दही उलटत नाहीत: ‘फार सुंदर घर’ हे ‘न्या रत डॅप’ असे होते, त्यात ‘रत’ म्हणजे ‘फार’ विशेषणाच्या आधीच राहतो, मात्र त्याच अर्थाचा बोलण्यातला ‘लाम’ विशेषणाच्या मागे येतो.

माझी मुख्य तक्रार मात्र ‘नाय’च्या जागेबद्दल आहे, आणि ती मी शेवटपर्यंत सोडलेली नाही. व्हिएतनामीत विशेषण हेच विधेय होऊ शकते. ‘आहे’ असा वेगळा शब्द लागत नाही. म्हणून ‘कॉन मॅओ डॅन नाय’ म्हणजे ‘हे काळे मांजर’, आणि ‘कॉन मॅओ नाय डॅन’ म्हणजे ‘हे मांजर काळे आहे’. शब्द तेच चार, फक्त शेवटच्या दोघांची अदलाबदल झाली आणि शब्दसमूहाचे पूर्ण वाक्य झाले. ‘नाय’ आला की नामाचा समूह बंद होतो. त्यानंतर जे येते ते त्या मांजराबद्दलचे विधान असते. ‘माझे’ या अर्थाच्या ‘कुआ तोय’बाबतही हेच घडते: ‘कॉन मॅओ डॅन कुआ तोय’ हे ‘माझे काळे मांजर’, तर ‘कॉन मॅओ कुआ तोय डॅन’ हे ‘माझे मांजर काळे आहे’. असा काही शब्द मध्ये नसेल, तर ‘न्या डॅप’ हे ‘सुंदर घर’ की ‘घर सुंदर आहे’, ते संदर्भावरूनच ठरते.

सोपी वाक्ये बांधण्याचा सगळा पाया येथे आहे, आणि नेमके येथेच हे ॲप दोन्ही उत्तरांना हिरवी खूण देते. त्यात भर म्हणजे ‘ला’ या शब्दाखाली सूचना म्हणून इंग्रजीतले ‘आहे’ दाखवले जाते, त्यामुळे इंग्रजीतून वाक्य बांधणारा प्रत्येक जण ‘न्या नाय ला डॅप’ असे लिहितो. ‘ला’ हा दोन नामे जोडण्यासाठी आहे: ‘तोय ला बाक सी’, म्हणजे मी डॉक्टर आहे. साध्या वर्णनाच्या वाक्यात विशेषणाआधी तो लागत नाही. ‘न्या नाय डॅप’ एवढेच पुरे. नकारातही हा फरक टिकतो: ‘न्या नाय खोंग डॅप’, पण नामाबाबत ‘तोय खोंग फाय ला बाक सी’. मी हे उदाहरणांसह दोनदा कळवले. दोन्ही वेळा ‘आपली सूचना नोंदवली आहे’ असे एकाच मजकुराचे उत्तर आले, आणि धडा आजही तसाच आहे. पैसे घेऊन भाषा शिकवणाऱ्याने चुकीच्या क्रमाला बरोबर म्हणावे, याचा मला मनापासून राग आला.

तरीही मधल्या काळात माझे मत काहीसे बदलले, आणि त्याचे श्रेय ध्वनिमुद्रणाला द्यावे लागेल. संथ गतीने ऐकताना निवेदिका ‘कॉन मॅओ नाय’ म्हणून किंचित थांबते आणि मग ‘डॅन’ म्हणते. शब्दसमूहाच्या मुद्रणात मात्र असा थांबा नाही. नियम न सांगता कानाने तो समजावणारा हा भाग उत्तम आहे. ठोकळे जुळवण्याचा सराव बंद करून मी फक्त ऐकून लिहिण्याचा सराव ठेवला, तेव्हा ‘नाय’ आपोआप जागेवर पडू लागला.

विशेषण आधी येणारे काही जोडशब्द चिनी मूळाचे आहेत, हे ॲप कुठेही सांगत नाही. ‘नवा विद्यार्थी’ रोजच्या बोलीत ‘सिन व्हिएन मोइ’, पण विद्यापीठात नव्याने प्रवेश घेतलेल्याला ‘तन सिन व्हिएन’ म्हणतात. त्यातला ‘तन’ हाही ‘नवा’च, फक्त चिनीतून आलेला आणि म्हणून चिनी क्रमाने पुढे बसलेला. असे शब्द अखंड पाठ करावेत, त्यांच्या नमुन्यावर नवे शब्द घडवू नयेत.

पुढील वर्षी मी वर्गणी भरणार नाही. आपोआप नूतनीकरण बंद केले आहे. ध्वनिमुद्रणासाठी एखाद्या महिन्याची वर्गणी घेणे परवडण्यासारखे आहे. ती घेतल्यास पहिल्याच दिवशी ‘हे मांजर काळे आहे’ आणि ‘हे काळे मांजर’ ही जोडी वहीत लिहून ठेवावी, आणि ॲपने दिलेली हिरवी खूण तिच्याशी ताडूनच स्वीकारावी.