सहकारी डॉक्टरचं निदान पटत नाही : विचारणारा मेल, स्पष्ट मेल की आधी फोन?

मतभेद कळवायचा आहे हे एकदा ठरलं की तो कसा कळवायचा हा प्रश्न उरतो. "सौम्य भाषेत लिहा" असा सल्ला सगळेच देतात. पण सौम्य मेलचेही प्रकार असतात आणि पेशंटच्या हिशेबाने त्यांचे परिणाम अगदी वेगळे होतात. एकच केस घेऊन तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहू.

समजा, तुम्ही फिजिशियन आहात. त्याच हॉस्पिटलमधल्या ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमची २६ वर्षांची पेशंट थकवा येतो म्हणून तुमच्याकडे आली आहे. पहिलंच गरोदरपण, दहावा आठवडा. हिमोग्लोबिन ९.८. मॅडमनी केसपेपरवर लोहाची कमतरता असं लिहिलंय, गोळ्यांचा डोस दुप्पट केलाय आणि महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन बघायचं ठरवलंय. तुमची नजर मात्र एमसीव्हीवर अडकते : ६४. आरबीसी काउंट ५२ लाख. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात तशा संख्येनेही कमी होतात, इथे त्या लहान आहेत पण भरपूर आहेत. ६४ ला ५.२ ने भागलं तर १२.३ येतं, आणि १३ च्या खालचा आकडा बीटा थॅलेसेमिया ट्रेटकडे बोट दाखवतो. हा फक्त इशारा, पुरावा नव्हे. फेरिटिन तुम्ही मागवलंत, ते ५८ आलं आणि सीआरपीही नॉर्मल. म्हणजे जंतुसंसर्गामुळे फेरिटिन खोटं वाढलंय असंही म्हणता येत नाही.

पहिला पर्याय : विचारणारा मेल

"मॅडम, या पेशंटमध्ये थॅलेसेमिया ट्रेटचाही विचार करावा का? तुमचं मत कळवाल तर बरं होईल."

वयाने, अनुभवाने मोठ्या माणसाला आपण असंच लिहितो, आणि त्यात गैर काही नाही. हातात पुरेशी माहिती नसेल, म्हणजे इथे समजा फेरिटिन झालेलंच नसतं, तर हाच मेल प्रामाणिक ठरतो. गडबड तेव्हा होते जेव्हा तुमचं मत बनलेलं असतं आणि तुम्ही ते प्रश्नामागे लपवता. अशा मेलला उत्तर येतं, "हो, बघू या पुढच्या व्हिजिटला." मॅडमचंही काही चुकत नाही, कारण तुम्ही घाई आहे असं म्हटलेलंच नाही. पुढची व्हिजिट चौदाव्या आठवड्यात. तोवर काय हातचं जातं ते खाली येतंच आहे.

दुसरा पर्याय : स्पष्ट मेल

आपले मेल बहुधा इंग्रजीत जातात, पण घडण कळावी म्हणून इथे मराठीत देतो.

"मॅडम, नमस्कार. तुमच्या पेशंट (केसपेपर क्रमांक …, १० आठवडे) आज थकव्यासाठी माझ्याकडे आल्या होत्या. हिमोग्लोबिन ९.८ बघता लोहाची शंका पहिल्यांदा येणं साहजिक आहे. मला मात्र तीन आकडे त्यात बसत नाहीत : एमसीव्ही ६४, आरबीसी ५२ लाख, फेरिटिन ५८. बीटा थॅलेसेमिया ट्रेट असावा असं वाटतं. एचबीए२ साठी एचपीएलसी याच आठवड्यात करावी, आणि वेळ वाचावा म्हणून नवऱ्याचीही सोबतच, अशी माझी विनंती आहे. गोळ्यांचा डोस तोवर वाढवू नये, फॉलिक ॲसिड चालू राहू द्यावं. आधीचे रिपोर्ट किंवा रक्तस्रावाची हिस्टरी तुमच्याकडे असेल तर माझं मत बदलू शकेल. पेशंटशी मी अजून यावर बोललेलो नाही. तुम्ही सांगाल की मी सांगू?"

यात आदराचे शब्द मोजकेच आहेत. आदर आहे तो शेवटच्या तीन वाक्यांत. तुमच्याकडे नसलेली माहिती मॅडमकडे असू शकते हे तुम्ही मान्य केलंत. आणि पेशंटसमोर त्यांचा शब्द खाली पडू दिला नाहीत. नात्याला खरा तडा जातो तो याच ठिकाणी : पेशंट मॅडमच्या ओपीडीत जाऊन म्हणते, "त्या डॉक्टरांनी सांगितलं, मला लोहाची गरजच नाही." त्यानंतर मेल कितीही गोड असला तरी उपयोग नसतो.

एक जागा जपायची. "लोहाची कमतरता नाही" असं ठामपणे लिहू नका. ट्रेट असलेल्या बाईला लोहही कमी पडू शकतं. शिवाय गरोदरपणात नेहमी देतात तो लोहाचा साधा डोस चालायला हरकत नसते. वाद आहे तो डोस दुप्पट करून महिनाभर थांबण्याबद्दल. मेलमध्ये वाद तेवढाच ठेवला तर मॅडमना सोडावंही तेवढंच लागतं. "लोहाचं निदान चूक" असं वाक्य दिसलं की कोणीही आधी स्वतःची बाजू सावरायला धावतं, आणि एचपीएलसी मागे पडते.

तिसरा पर्याय : आधी फोन, मग मेल

या केसमध्ये मी हाच निवडेन, आणि कारण निव्वळ कॅलेंडरचं आहे. नवराबायको दोघंही कॅरिअर निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. ते तपासायला सीव्हीएस करतात, साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात. पण त्याआधी दोघांच्या जनुकातला नेमका दोष शोधावा लागतो, आणि त्या डीएनए तपासणीला दिवस जातात. म्हणजे दहाव्या आठवड्यात खरोखर वेळ उरलेलाच नाही. चौदाव्या आठवड्यात निदान झालं तर सोळाव्याच्या सुमारास ॲम्निओसेंटेसिस करता येते, पण निर्णय तितकाच पुढे जातो आणि त्या जोडप्याला तो अधिक जड जातो.

मेल मॅडम कधी वाचतील ते आपल्या हातात नसतं, दिवसभर त्या लेबर रूममध्ये असू शकतात. फोनवर दोन मिनिटांत सांगून होतं : "मॅडम, एमसीव्ही ६४ आणि फेरिटिन ५८ आहे, ट्रेटची शंका येतेय. दोघांची एचपीएलसी आजच पाठवू का?" नंतरचा मेल नोंदीपुरता : काय ठरलं, कोण करणार, रिपोर्ट कोण बघणार. फोनवर मॅडम "बघते" एवढंच म्हणाल्या असतील तर मेलमध्ये "आपलं ठरल्याप्रमाणे" लिहू नका. तो कागदावर पकडण्याचा प्रकार दिसतो, आणि असतोही.

आणि सीसी?

पहिल्याच मेलमध्ये मेडिकल डायरेक्टरना सीसी करणं म्हणजे मॅडमशी बोलणं संपवून त्यांच्याबद्दल बोलणं. गाइडलाइनची पीडीएफ न मागता जोडणंही त्याच वाटेवरचं. फोन झाला, मेल झाला, दोन दिवस उत्तर नाही आणि आठवडा पुढे सरकतोय, अशा वेळी मात्र तिसऱ्याला मध्ये घ्यावंच लागतं. तेही आधी मॅडमना कळवून : "वेळ कमी आहे म्हणून उद्या विभागप्रमुखांशी बोलतो आहे."

एचबीए२ चा आकडा ३.५ टक्क्यांच्या वर आला तर ट्रेट धरतात. नॉर्मल आला तर "तुमचंच बरोबर" असा मेल लगेच ठोकून मोकळं होण्याचा मोह होतो, पण थांबा. एमसीव्ही ६४ आणि फेरिटिन ५८ चं कोडं अजून सुटलेलं नसतं, अल्फा थॅलेसेमिया राहतोच. लोहाची कमतरता सोबत असेल तर एचबीए२ थोडा खालीही दिसतो. तेव्हा रिपोर्ट जोडून इतकंच लिहा : "बीटा ट्रेट दिसत नाही, माझी मुख्य शंका खरी ठरली नाही. नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे. लोहाबद्दल तुमच्या प्लॅनप्रमाणे पुढे जाऊ, महिन्याने सीबीसी आणि फेरिटिन दोन्ही बघू या का?"