आठ-आठ मुलांचे गुण: टी-चाचणी लावायची की क्रमांकांची?

समजा, नागपुरातल्या एका शाळेत बी.एड.च्या कृतिसंशोधनासाठी सातवीच्या दोन गटांना अपूर्णांक दोन पद्धतींनी शिकवले आणि शेवटी वीस गुणांची चाचणी घेतली. गुण असे आले:

अ गट: १३, १४, १४, १५, १५, १६, १६, १७
ब गट: ९, १०, ११, ११, १२, १२, १३, २०

सरासरी १५ आणि १२.२५. फरक डोळ्यांना दिसतो, तरी वेल्चची टी-चाचणी पी-मूल्य सुमारे ०.०६ देते. अडचण त्या एका २० ची आहे. त्याच्यामुळे ब गटाची सरासरी ११.१ वरून १२.२५ वर चढते आणि प्रमाण विचलन १.३ वरून ३.४ होतं. म्हणजे फरक आक्रसतो आणि त्याला ज्याने भागायचं ते फुगतं.

मान-व्हिटनी चाचणी फक्त क्रमांक पाहते. तिच्या लेखी २० म्हणजे 'सगळ्यांत वर', १८ असते तरी तेच. इथे तिचं पी-मूल्य सुमारे ०.०१५ येतं. R मध्ये दोन्ही अशा चालवता येतात:

```
a <- c(13, 14, 14, 15, 15, 16, 16, 17)
b <- c(9, 10, 11, 11, 12, 12, 13, 20)
t.test(a, b)
wilcox.test(a, b, exact = FALSE)
```

मग दोन्ही चालवून आवडेल तो आकडा घ्यायचा का? मुळीच नाही. निवड गुण हाती येण्याआधी करावी, आणि ती प्रश्नावरून ठरते. 'सरासरी किती गुणांनी वाढली' हे सांगायचं असेल तर वेल्च. श्रेणी असतील, किंवा एखाद-दुसरं मूल फार पुढे-मागे जाणार हे आधीच दिसत असेल, तर क्रमांक. आठ मुलांच्या गुणांवर सामान्य वितरणाची तपासणी करून ठरवू नये. इतक्या कमी आकड्यांत तिला विचलन सहसा सापडतच नाही. आणि तो २० उत्तरपत्रिकेशी ताडून पाहा. १० चा २० झाला असेल तर दुरुस्त करा. खरा असेल तर काढू नका.

क्रमांकांच्या चाचणीलाही मर्यादा आहेत. गटात तीन-तीनच मुलं असतील, तर एका गटाचे सगळे गुण दुसऱ्याच्या वर असले तरी दुतर्फी पी-मूल्य ०.१० च्या खाली जातच नाही. शिवाय दोन्ही गटांचा पसारा वेगळा असताना, जसा इथे आहे, तिच्यावरून 'मध्यक वेगळे आहेत' असं लिहिता येत नाही. त्याच मुलांची पूर्व आणि उत्तर चाचणी असेल तर या दोन्ही चाचण्या चुकीच्या. तिथे जोडीची टी-चाचणी किंवा विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रमांक चाचणी लागते.

परिणामाचा आकार मात्र साध्या वाक्यात द्यावा. अ मधलं प्रत्येक मूल ब मधल्या प्रत्येकाशी ताडलं की ६४ जोड्या होतात. ५५ जोड्यांत अ पुढे, ८ मध्ये ब पुढे, एकीत बरोबरी. तिचा अर्धा धरला की ५५.५ भागिले ६४, म्हणजे ०.८७. अहवालात लिहा: 'दोन्ही गटांतून एकेक मूल सहज उचललं, तर शंभरात सुमारे ८७ वेळा अ गटातल्या मुलाचे गुण जास्त असतील (बरोबरी अर्धी धरून, प्रत्येक गटात ८ मुलं).' टी-चाचणी निवडली असेल तर: 'अ गटाची सरासरी २.७५ गुणांनी जास्त. ९५ टक्के विश्वास अंतराल उणे ०.१ ते ५.६.' नुसतं 'कोहेनचा डी = १.०८, मोठा परिणाम' लिहिलं, तर हे अंतराल शून्य ओलांडतं ही गोष्ट वाचणाऱ्यापासून लपते.