सोसायटीच्या सामायिक कॉम्प्युटरवर कागदपत्रं कुलूपबंद करायची तर: सेव्हन-झिप की व्हेराक्रिप्ट?

कोथरूडमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीचं ऑफिस डोळ्यासमोर आणा. कॉम्प्युटर एक, विंडोजचं लॉगिन एक. सकाळी मॅनेजर बसतो, दुपारी हिशेब लिहिणारा, संध्याकाळी सेक्रेटरी, आणि मध्येच कुणाचा तरी मुलगा प्रिंट काढायला येतो. त्याच मशीनवर सभासदांचे इंडेक्स टू, स्कॅन केलेली आधार कार्डं आणि थकबाकीच्या नोटिसा. हे कुलूपबंद करायला फुकटातले दोन चांगले पर्याय आहेत. कोणता घ्यायचा, हे त्या फाइल किती वेळा उघडाव्या लागतात यावर ठरतं.

त्याआधी एक पर्याय बाद करू. पासवर्ड लावलेली साधी `.zip` फाइल अनेकांना पुरेशी वाटते. सेव्हन-झिपमध्ये झिप प्रकार निवडला की एन्क्रिप्शनची पद्धत आपोआप `ZipCrypto` येते. ती जुनी आहे आणि कमकुवतही. आतल्या मजकुराचा छोटासा तुकडा आधीच माहीत असेल तर पासवर्ड न शोधताही ती फोडता येते, हे बिहाम आणि कोचर यांनी 1994 सालीच दाखवलं होतं. पद्धत बदलून `AES-256` केली तरी झिपमधली फाइलची नावं उघडीच राहतात. पासवर्ड न देता कुणी डबल-क्लिक केलं आणि यादीत `B-304_thakbaki_notice.pdf` दिसलं, की पुढचं वाचायची गरजच काय? दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तीच चर्चा.

म्हणून सेव्हन-झिप वापरायचं तर प्रकार `7z` घ्या. फोल्डरवर राइट-क्लिक करून `Add to archive`, मग `Archive format` मध्ये `7z`, दोन्ही रकान्यांत पासवर्ड, आणि खाली `Encrypt file names` वर टिक. ही टिक आपोआप लागत नाही, आठवणीने लावावी लागते. ती लागली की नाही ते तपासणं सोपं आहे: तयार झालेली फाइल उघडा. यादी दिसण्याआधीच पासवर्ड मागितला तर काम झालं. यादी आधी दिसली तर पुन्हा बनवा.

सेव्हन-झिपचा खरा कच्चा दुवा रोजच्या वापरात दिसतो. आर्काइव्हमधल्या पीडीएफवर डबल-क्लिक केलं की तिची उघडी प्रत आधी `%TEMP%` मध्ये, `7zO` ने सुरू होणाऱ्या फोल्डरात काढली जाते आणि तिथून उघडते. पीडीएफ आधी बंद केली, मग सेव्हन-झिप, तर सहसा ती प्रत पुसली जाते. उलट क्रमाने बंद केलं किंवा मध्येच लाइट गेली तर ती तिथेच पडून राहते. लॉगिन एकच असल्यामुळे पुढच्या बसणाऱ्याला ती सहज उघडता येते. रन विंडोत `%TEMP%` टाइप करून बघा, काय काय साचलंय ते कळेल.

व्हेराक्रिप्टमध्ये ही अडचण बरीच कमी होते. तुम्ही समजा 2 जीबीची एक फाइल बनवता. पासवर्ड दिला की ती `V:` सारखी ड्राइव्ह म्हणून जोडली जाते. फाइल तिथेच उघडा, तिथेच सेव्ह करा, वेगळं काढायची गरज नाही. (वर्ड, एक्सेल स्वतःच्या तात्पुरत्या प्रती बाहेर ठेवू शकतात, तो भाग वेगळा.) पण इन्स्टॉल करायला अॅडमिनचे हक्क लागतात, आणि ड्राइव्ह जोडलेली असताना मशीनवर लॉगिन असलेल्या कुणालाही ती दिसते. चहाला उठताना `Unmount`, जुन्या आवृत्तीत `Dismount`, केलं नाही तर कुलूप उघडंच आहे.

माझा कौल असा: जुने इंडेक्स टू, आधारच्या प्रती, म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी लागणारं सगळं `7z` मध्ये. थकबाकीचा तक्ता दर आठवड्याला बदलतो, तो व्हेराक्रिप्टमध्ये. वकिलांना मेल करायचं असेल तर पुन्हा `7z`. पासवर्ड मात्र फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये नको.

दोन्हींत मूळ फाइल बाहेर तशीच राहते, ती स्वतःच काढावी लागते. आधी आर्काइव्ह उघडून एक-दोन फाइल नीट दिसतात याची खात्री करा, मग मूळ फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा करा. जुन्या हार्ड डिस्कवर त्यानंतर ही कमांड मोकळी जागा पुन्हा लिहून काढते:

```
cipher /w:D:\
```

एसएसडीवर तिचा तेवढा भरवसा नाही. आणि मशीनवर कुणी कीलॉगर बसवला असेल तर दोन्ही पर्याय सारखेच निकामी, कारण पासवर्ड टाइप करतानाच चोरीला जातो.

कमिटी बदलली की पासवर्डही बदलायला हवा. `7z` मध्ये त्यासाठी सगळं बाहेर काढून नवं आर्काइव्ह करावं लागतं. व्हेराक्रिप्टमध्ये मेनूतून क्षणात बदलतो, पण पेनड्राइव्हवर पडलेली त्याच फाइलची जुनी प्रत जुन्या पासवर्डनेच उघडत राहते. त्यामुळे पासवर्ड बदलण्याऐवजी नवी फाइल बनवून मजकूर तिच्यात हलवा आणि जुन्या प्रती गोळा करून पुसा.