सलूनचे केस खत म्हणून: वांग्याला मानवले, मेथीला नाही

गच्चीवरच्या कुंड्यांत केस घालायला लागून आता बरेच महिने झाले. पावसाळ्याआधी घातलेल्या केसांचं काय झालं ते थंडीत कुंड्या उपसल्या तेव्हा नीट दिसलं, म्हणून आत्ता लिहितेय.

देवळांतले लांब केस आपल्या वाट्याला येत नाहीत. तिरुपतीला वाहिलेल्या केसांची लांबीनुसार प्रतवारी होते, लिलाव होतो आणि लांब केस विगवाल्यांकडे जातात. आपल्याला मिळतात ते सलूनमध्ये झाडून काढलेले पेरभर तुकडे. खताला तेच बरे, कारण लांब केसांचा गुंता सोडवता सोडवता जीव जातो. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या दादांकडे मी वेगळी पिशवी देऊन ठेवली आहे. ब्लेड, कापूस, टिश्यू आणि डाय केलेले केस तिच्यात टाकायचे नाहीत, एवढं त्यांना सांगितलंय. पिशवी उघडताना हातमोजे मात्र घालतेच.

आता हिशेब. केसांत साधारण 15 टक्के नत्र असतं. म्हणजे 100 ग्रॅम केसांत 15 ग्रॅम. तेवढं नत्र युरियातून द्यायचं तर 33 ग्रॅम युरिया लागेल, आणि अर्धा टक्का नत्राच्या शेणखतातून द्यायचं तर तीन किलो खत. आकडे वाचून कुणीही हुरळून जाईल. पण केस म्हणजे केराटिन, आणि त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. ते तोडणाऱ्या बुरशा आणि जिवाणू मोजकेच, आणि त्यांचं काम सावकाश चालतं. नत्र आहे भरपूर, पण हाती लागतं हप्त्याहप्त्याने.

मेथीला म्हणूनच त्याचा काही उपयोग झाला नाही. महिन्याभरात कापायची भाजी, ती थांबणार किती? केस घातलेली कुंडी आणि न घातलेली कुंडी यांत मला फरक दिसला नाही. अमेरिकेत मिसिसिपीमध्ये कुंड्यांवर जे प्रयोग झाले, त्यांतही लवकर वाढणाऱ्या पिकांना एकटे केस पुरत नाहीत असंच आढळलं होतं. वांग्याची गोष्ट वेगळी. पहिले दोन-अडीच महिने काही कळलं नाही, पण पहिला बहर संपल्यावर शेजारच्या कुंडीतली पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा ही अजून हिरवीगार होती आणि पुन्हा फुलली. गुलाबालाही असंच मानवलं.

घालायची पद्धत महत्त्वाची आहे. बारा इंची कुंडीला मी 20 ग्रॅम, म्हणजे सैलसर दोन मुठी घेते. तेलकट केस कोरडे घातले तर पाणी धरत नाहीत, म्हणून आदल्या रात्री शेणाच्या स्लरीत भिजवते. मग हातांनी मोकळे करून मातीत सगळीकडे मिसळते. एकाच थरात टाकले तर त्यांचा नमदा बनतो. पाणी वर तुंबून राहिलं किंवा कडेकडेने निसटून गेलं, की आत थर जमलाय असं समजावं. मातीवर उघडे तर ठेवूच नयेत. पक्षी घरट्यासाठी उचलतात आणि पिल्लांच्या पायांत अडकतात.

कंपोस्टच्या ड्रममध्ये गणित आणखी फसवं आहे. एक किलो सुक्या पाल्यात 100 ग्रॅम केस टाकले की कर्ब-नत्राचं प्रमाण कागदावर वीसला एकच्या आसपास, अगदी छान येतं. प्रत्यक्षात ड्रम गरमच होत नाही, कारण ते नत्र जिवाणूंना लगेच मिळतच नाही. ओला कचरा किंवा शेण नेहमीइतकंच टाकावं आणि केस वरकड धरावेत. आत हवा नसेल आणि ओल जास्त झाली, तर गंधकामुळे सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तेव्हा सुका पाला घालून खालीवर करायचं. बाकी सगळ्याचं खत झालं तरी केस चाळणीच्या जाळीत अडकतातच. बोटांत धरून ओढल्यावर तटकन तुटला, तर कुजत आलाय. ताणला गेला, तर पुढच्या ड्रममध्ये परत.

तेल शोषण्याचा प्रकारही करून पाहिला. 1989 साली अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं, तेव्हा पाणमांजरांची फर तेलाने माखलेली पाहून अलाबामातल्या फिल मॅक्रोरी नावाच्या केशकर्तनकाराला ही कल्पना सुचली. मी जुन्या नायलॉन मोज्यात केस भरून गळक्या स्कूटरखाली ठेवले. फरशीवरचं ऑइल छान धरलं. तेल केसांच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि तुकड्यांमधल्या फटींत साठतं. पण समुद्रावर असा पट्टा हळूहळू पाणीही पितो आणि जड होऊन बुडू शकतो. शिवाय ऑइल प्यालेले केस कंपोस्टमध्ये चालत नाहीत. माझा मोजा मेकॅनिकच्या जळक्या ऑइलच्या डब्यासोबत गेला.

पाच पैकी साडेतीन. यंदा वांगी, गुलाब आणि लिंबाच्या कुंडीत घालणार, पालेभाज्यांना शेणखतच.