जेट स्प्रे जॉइंटला गळतोय? आधी वायसर, मग पाइप (वापरानंतरचा अनुभव)

भुसावळच्या घरात मागच्या हिवाळ्यात हा जेट स्प्रे बसवला, प्लॅस्टिकची गन अन् एक मीटरचा स्टीलच्या जाळीचा पाइप असा सेट. फवारा आजही जोरात येतो, गनबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती जॉइंटची, कारण उन्हाळा लागला तसं संडासाची फरशी दिवसभर ओलीच राहायला लागली.

गंमत अशी की पाणी टपकतं एकीकडून अन् गळतं दुसरीकडून. गन वर हुकला अडकवलेली असते, पाइप खाली लोंबतो, म्हणून गनजवळच्या नटमधून गळालेलं पाणी पाइपवरून ओघळत जाऊन खालच्या वाकातून टपकतं, मग आपल्याला वाटतं पाइपच फुटला. आमच्या हार्डवेअरवाल्याने पाइप मागितल्यावर पहिले हेच सांगितलं, "आधी वायसर पाय ना भो, पाइप कायले घेतो!" म्हणून पाइप कोरडा पुसा, दोन्ही टोकांच्या नटला कोरडा टिश्यू गुंडाळा, अँगल कॉक चालू ठेवा पण गन दाबू नका, कारण गन बंद असते तेव्हाच पाइपमध्ये प्रेशर जास्त असतं. कुठला टिश्यू आधी ओला होतो ते बघा. आमचा गनकडचा झाला.

मग काम सोपं आहे. अँगल कॉक बंद करा अन् गन एकदा दाबून आतलं पाणी काढून टाका, नाहीतर नट सुटताच अंगावर येतं. नट हाताने नाही सुटला तर जुन्या कापडाचा तुकडा गुंडाळून पान्हा लावा, नाहीतर क्रोम सोलतं. नटच्या आत बघितलं तर आमचा वायसर कडक झालेला, एका बाजूने दबून पातळ, अन् बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार गनच्या तोंडावर बसलेला. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात हात भाजेल असं तापतं, त्यात रबर किती दिवस मऊ राहणार? जुना वायसर टोकदार काहीतरी घालून पूर्ण काढायचा. बऱ्याचदा तो नटच्या तळाला चिकटून बसतो अन् लोक त्याच्यावरच नवा टाकतात, मग नटचे आटे नीट धरत नाहीत अन् गळती तशीच. क्षार लिंबाने किंवा व्हिनेगरने भिजवून घासून काढा, वायसर ज्याच्यावर बसतो ती कडा गुळगुळीत पाहिजे. अर्धा इंची नटचा रबरी वायसर हार्डवेअरमध्ये चिल्लरमध्ये मिळतो, सपाट बसवा, नट हाताने आवळा, मग पान्ह्याने फक्त पाव फेरा. प्लॅस्टिक गनला जास्त जोर लावला तर तोंडाला चीर जाते अन् मग पूर्ण गनच फेकावी लागते.

अन् टेफ्लॉन टेप? या जॉइंटला तिचा काही उपयोग नाही. इथे पाणी वायसर अडवतो, आटे फक्त त्याला दाबून धरतात. टेप लावून आटे जाड झाले की उलट वायसर नीट दबतच नाही.

वायसर बदलल्यावर पावसाळाभर कोरडं राहिलं. मग अँगल कॉकच्या बाजूला पाणी दिसायला लागलं, पण यावेळी टिश्यू वेगळा सांगत होता, नटची कड कोरडी अन् जाळी जिथे नटच्या कॉलरमध्ये शिरते तिथे ओलं. म्हणजे आतली नळीच फाटलेली, इथे दहा वायसर टाकले तरी फायदा नाही अन् एम-सीलचे थर चढवले तरी चार दिवसांत परत तेच. पाइपच बदलायचा. नवा घेताना दोन्ही टोकांचे नट अर्धा इंची आहेत का बघा, वायसर आत आहेत का बोट घालून चाचपा, काही पाकिटात तो निघतच नाही. बसवताना आधी अँगल कॉकचं टोक अन् मग गनचं, म्हणजे पाइपला पीळ पडत नाही. पीळ पडलेला पाइप कॉलरजवळच वाकून वाकून फाटतो, आमच्या जुन्या पाइपची तीच जागा गेली होती.

आता सवय लावली आहे की काम झालं की अँगल कॉक बंद. चोवीस तास प्रेशर खाऊन वायसर अन् पाइप दोन्ही लवकर जातात. पाहुणे आले की तो उघडाच राहतो ते वेगळं.

रेटिंग म्हणाल तर गनला पाचपैकी चार, सेटमधल्या पाइपला दोन. गन हीच परत घेईन, पाइप मात्र वेगळा, वजनाला जड अन् आतून जाड रबराचा बघून.