फोडणी पुढे, चित्र मागे: मोबाइलवरून कॅमेरा चालवण्याचे सात महिने

कॅमेरा घेतला तो काकूच्या रेसिपी चित्रित करायला. इंदूरला राजेंद्र नगरातलं आमचं स्वयंपाकघर लहान, ओटा अरुंद. कढई बरोबर वरून दिसायला हवी म्हणून कॅमेरा आडव्या दांड्याला खाली तोंड करून लटकवतो. मग त्याचा स्क्रीन छताकडे, आणि बघायला उरतो तो मोबाइलवरचा अ‍ॅप.

पहिल्याच दिवशी भुट्ट्याचा कीस होता. मोहरी तडतडली, जिरं पडलं, हिंगही पडला, आणि माझ्या मोबाइलवर काकूचा हात अजून मिसळणाच्या डब्यातच. "अरे, घेतलंस का? जळतंय इथे!"

आधी कॅमेऱ्यालाच दोष दिला. पण दांडा खाली घेऊन त्याचा स्वतःचा स्क्रीन पाहिला तर तिथे सगळं वेळेवर. ही तपासणी सर्वात आधी करावी, कारण अंधाऱ्या खोलीत शटर मंद असेल तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरही चित्र ओढल्यासारखं दिसतं. तसं असेल तर दिवा वाढवा, वायफायच्या मागे लागू नका.

मग मोजून पाहिलं. काकूच्या मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तो कॅमेऱ्याखाली ठेवला, शेजारी अ‍ॅपवाला मोबाइल, आणि तिसऱ्या मोबाइलने दोघांचा एकत्र फोटो. स्टॉपवॉच 12.9 सेकंद, अ‍ॅपमध्ये 11.2. म्हणजे चित्र 1.7 सेकंद मागे. पाच-सहा फोटो काढले, आकडा थोडाफार हलला, पण दीडच्या खाली आला नाही.

काका जेवायला आले, भाजी गरम करायला मायक्रोवेव्ह लावला, आणि चित्र जागच्या जागी थिजलं. ओव्हन थांबला तसं पुन्हा हललं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझा कॅमेरा मोबाइलशी 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर बोलतो, मायक्रोवेव्हही 2.45 च्या आसपास चालतो, आणि दारातून थोडी गळती होतेच. ती माणसाला त्रास देण्याइतकी नसते, पण कॅमेऱ्याच्या क्षीण सिग्नलपुढे भारी पडते. वायफायमध्ये एखादा तुकडा वाटेत बिघडला की तो पुन्हा पाठवला जातो. तेवढ्यात मागची चित्रं रांगेत उभी राहतात आणि आपण ती शिळी रांग बघत बसतो.

ओव्हन बंद असतानाचे 1.7 सेकंद मात्र दुसऱ्या कारणाने होते. वायफायचे चॅनल दाखवणारं अ‍ॅप लावून पाहिलं तर भिंतीपलीकडचा आमचा राउटर आणि कॅमेरा दोघेही चॅनल 6 वर. कॅमेऱ्याचा चॅनल मला बदलता येत नाही, म्हणून राउटरचा बदलला: 2.4 चा पट्टा चॅनल 1 वर, रुंदी 20 मेगाहर्ट्झ, आणि घरातले मोबाइल-टीव्ही 5 गिगाहर्ट्झवर. एवढ्याने 1.7 चे 0.9 झाले. काकूची नाट्यगीतं माझ्याच मोबाइलवरून ब्लूटूथ स्पीकरवर चालायची, तीही तिच्या मोबाइलवर हलवली. ब्लूटूथचाही पट्टा तोच. काकू दोन दिवस रुसली, पण अडकणं कमी झालं.

उरलेलं काम अ‍ॅपमधल्या प्रीव्ह्यूच्या दर्जाने केलं. माझ्या अ‍ॅपमध्ये तो सेटिंगच्या तळाशी दडलेला आहे. प्रीव्ह्यू म्हणजे सेकंदाला अनेक छोटे फोटो. लांबी-रुंदी निम्मी केली की ठिपके चौथाई होतात आणि वाहतूक हलकी होते. सर्वात खालचा दर्जा ठेवल्यावर अंतर 0.4 वर आलं. कार्डावर नोंदलं जाणारं चित्र मात्र पूर्ण दर्जाचंच राहतं, हे मलाही पहिल्यांदा खरं वाटेना. दोन्ही दर्जांवर तीच कढई चित्रित करून संगणकावर बघितली, फरक नाही.

तोटा एकच, पण मोठा. त्या खडबडीत चित्रात फोकस कळत नाही. नारळ-कोथिंबिरीचा एक अख्खा व्हिडिओ मी धूसर घेऊन बसलो, तेही संध्याकाळी संगणकावर कळलं. आता सुरुवातीला दर्जा वर नेतो, कढईची कड मोठी करून बघतो, फोकस हाताने पक्का करतो, मगच दर्जा खाली आणतो. तरीही 0.4 उरतंच. म्हणून मोहरीसाठी वाट बघत बसत नाही, काकूने डबा उघडला की नोंद सुरू.

दोन-तीन महिन्यांनी त्रास परत सुरू झाला. यावेळी मोबाइलच दगा देत होता. कॅमेऱ्याच्या वायफायला इंटरनेट नसतं, म्हणून तो गुपचूप मोबाइल डेटाकडे वळायचा आणि अ‍ॅपमधला संपर्क तुटायचा. शूटच्या वेळी डेटा बंद ठेवला की झालं.

नवीन घेणाऱ्याला एवढंच सांगेन की 5 गिगाहर्ट्झवर मोबाइलशी जुळणारा कॅमेरा मिळत असेल तर तोच बघा. एकाच खोलीत काम असेल तर भिंतींची अडचण नाही, आणि ओव्हनही आड येत नाही. ज्यांना अजिबात उशीर चालत नाही त्यांनी एचडीएमआय केबल टाकून छोटा मॉनिटर लावावा. मी अजून लावलेला नाही. ओट्यावर आणखी एक वायर दिसली तर काकू मलाच बाहेर काढेल.